सत्ती गठ्ठ्यातून येईल का?

दोघे एका कॅटवर तेरा पानांची रमी खेळत आहेत. हातातली तेरा, एक उघडं पान आणि कापलेला जोकर दिसतो. उरलेली ३७ पानं अज्ञात आहेत. त्यांतली २४ गठ्ठ्यात, १३ समोरच्याच्या हातात.

हातात बदाम सहा आणि आठ असतील, तर शुद्ध सिक्वेन्सला फक्त बदाम सत्ती चालते. गठ्ठ्यातून पुढचं पान सत्ती निघण्याची शक्यता ३७ पैकी १, म्हणजे सुमारे २.७ टक्के. इथे बरेच जण २४ ने भागतात आणि फसतात, कारण सत्ती समोरच्याकडे अडकलेली असण्याची शक्यता ३५ टक्के आहे. मग ती गठ्ठ्यातून कधीच येणार नाही.

हातात सहा-सात असतील तर पंजी किंवा अठ्ठी, दोन्ही चालतात. पहिल्याच ओढीत शक्यता ५.४ टक्के होते, पाच वेळा गठ्ठ्यातून ओढल्यास सुमारे २५.५, एकट्या सत्तीसाठी मात्र १३.५. म्हणून मधलं पान हवं असलेली जोडी आधी सोडणं शहाणपणाचं.

खेळ सरकतो तसे हे आकडे बदलतात. समोरच्याने बदाम नव्वी उचलली, तर सत्ती-अठ्ठी त्याच्याकडे असल्याचा संशय घ्यावा.