दुपारी एकचा निर्णय

कोजागरीच्या आमच्या मैफलीचा गेल्या काही वर्षांचा मागोवा घेतला, तर बैठकांमध्ये गाण्यापेक्षा जास्त वाद एकाच गोष्टीवर झालेले दिसतात: लॉनवर बसायचं की शेजारच्या सभागृहात, हे ठरवायचं कधी?

पुण्यातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माघारी फिरतो. २०२२ची कोजागरी ९ ऑक्टोबरला आली, २०२३ची थेट २८ला. त्यामुळे गेल्या वर्षीचा अनुभव यंदा फारसा उपयोगी पडत नाही. त्यात हा पाऊस फसवा. सकाळी लख्ख ऊन असतं, दुपारी ढग चढतात आणि चार-पाचनंतर गडगडायला लागतं.

सुरुवातीला निर्णय संध्याकाळी पाचला व्हायचा. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा तोवर हाती असे, म्हणजे अंदाज सर्वांत भरवशाचा. पण मैफल आठची, साउंडची मांडणी लॉनवर झालेली आणि लांबचे श्रोते निघायच्या बेतात. मग एका वर्षी आदल्या रात्रीच सभागृह ठरवून टाकलं. बाहेर टिपूर चांदणं पडलं. ते अजून ऐकावं लागतं.

शेवटी आठपासून उलटं मोजत गेलो. सातला ध्वनिचाचणी, त्याआधी तीन तास मांडणी, म्हणजे चार. साउंडवाल्याचा टेम्पो गोदामातून दोनला निघतो. तो लॉनच्या फाटकावर जायचा की सभागृहाच्या, हे त्याला निघण्यापूर्वी कळायला हवं. म्हणून एक वाजता. त्या वेळी जिल्ह्याला यलो किंवा त्यावरचा अलर्ट असेल तर सभागृह. आकाशाकडे बघून चर्चा नाही. कोरड्या रात्री आत बसलो तर लोक कुरकुरतात, पण भिजलेल्या मिक्सरचं बिल कुरकुरीवर भागत नाही. नोंदणीही सभागृहात खुर्च्या आहेत तेवढ्यावरच थांबवतो. खजिनदारांना हे अजून पटलेलं नाही.

कळवण्याचं गणित वेगळंच निघालं. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी सोयीची वाटली, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो निरोप पोचतच नाही. नोंदणी करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो कशाला सेव्ह करावा? एसएमएस एकगठ्ठा पाठवायचा तर मजकुराचा नमुना आधी डीएलटीवर मंजूर लागतो. ऐनवेळी लिहिलेला निरोप जात नाही. म्हणून ‘लॉन’ आणि ‘सभागृह’ असे दोन्ही नमुने आता महिनाभर आधी मंजूर करून ठेवतो.

नोंदणीच्या पावतीवरच छापतो: ‘जागा त्या दिवशी दुपारी दीडपर्यंत कळवू.’ जागा बदलली नाही तरी निरोप जातोच, नाहीतर तीनपासून फोन सुरू होतात. एका नावावर चार जागा असतील तर ‘सोबतच्यांनाही सांगा’ हे वाक्य जोडतो. ज्यांनी लँडलाइन दिलेली असते, त्यांना दोन कार्यकर्ते फोन करतात. बहुतेक मंडळी सत्तरीपुढची, त्यामुळे दुपारच्या झोपेआधी गाठावं लागतं.