दुसरा साक्षीदार

जुन्या कज्जांच्या कागदपत्रांचा, आणि त्यांतही मृत्युपत्रांचा, मला फार वर्षांचा नाद आहे. कारण हा दस्त अमलात येतो तेव्हा त्याचा कर्ता खुलासा करावयास हयात नसतो. वकिलावाचून स्वहस्ते लिहिलेले मृत्युपत्र कायद्याला चालते, त्यास मुद्रांक लागत नाही व नोंदणीही ऐच्छिक आहे, हे बहुतेकांस ठाऊक असते.

खडकीची मौज निराळी. १८७० चा हिंदू मृत्युपत्रांचा कायदा मुंबई शहरास लागू झाला, खडकी मात्र मुफसलात राहिली. त्यामुळे १ जानेवारी १९२७ पूर्वी येथील हिंदू गृहस्थाचे मृत्युपत्र साक्षीदारांवाचून, किंबहुना निव्वळ तोंडी असले, तरी ग्राह्य ठरू शकत असे. त्या तारखेपासून उत्तराधिकार कायद्याचे कलम ६३ येथेही आले. कर्त्यास सही करताना पाहणारे, अथवा ‘ही सही माझी’ असे त्याच्या तोंडून ऐकणारे निदान दोन साक्षीदार हवेत, आणि प्रत्येकाने कर्त्यासमक्ष सही करावी. दोघे एकाच वेळी हजर असावेत अशी मात्र सक्ती नाही.

ही सवलतच पुढे घात करते. शाबितीसाठी हयात साक्षीदारांपैकी एकाला न्यायालयात आणले म्हणजे पुरते, पण त्या एकाने दोघांच्याही सह्यांची हकीकत सांगावी लागते. जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम या, महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दाव्यात नेमके हेच घडले. एक साक्षीदार उभा राहिला, परंतु दुसऱ्याने सही केल्याचे त्याला सांगता येईना; तो दुसरा हयात असूनही त्याला बोलावलेच नव्हते. साक्षीदार विसरला किंवा उलटला, तर अन्य पुराव्याने दस्त शाबीत करण्याची मुभा कायद्यात आहे; पण हाताशी असलेला साक्षीदार घरी ठेवून ती मागता येत नाही, असे न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये ठरविले आणि मृत्युपत्र पडले. निकाल कठोर, पण माझ्या मते रास्त होता.

हस्ताक्षराचे मोल यानंतरचे. संपूर्ण मजकूर कर्त्याच्याच हातचा असला तर संशयाला जागा कमी राहते, इतकेच. साक्षीदारांची उणीव त्याने भरून निघत नाही. उलट ज्याला मोठा लाभ मिळतो त्यानेच दस्त करविण्यात पुढाकार घेतला असेल, तर तो संशय त्यानेच फेडला पाहिजे, असे न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी १९५८ साली व्यंकटाचल अय्यंगार यांच्या खटल्यात सांगितले. दोन्ही साक्षीदार निवर्तले असतील, तर एकाचे हस्ताक्षर व कर्त्याची सही ओळखणारा कोणी शोधावा लागतो.

म्हणून, वाचकहो, कागद स्वतःच लिहा. पण ज्यांना त्यातून काही मिळावयाचे नाही असे, आपल्याहून वयाने लहान दोन साक्षीदार एकाच बैठकीस बोलवा, आणि तिघांनी परस्परांसमक्ष सह्या केल्या हे वाक्य तारखेसह शेवटी अवश्य घाला.