एकच तारीख दोनदा, मधली तारीख गायब

पेडणे येथे आणि डिचोली तालुक्यातल्या साखळी येथे भारतीय हवामान खात्याची पर्जन्यमापक केंद्रे आहेत. तिथला पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजतात. त्याआधीच्या चोवीस तासांत पडलेला सगळा पाऊस मोजणीच्या तारखेखाली लिहिला जातो. त्यामुळे ९ जुलैच्या संध्याकाळी साखळीत कोसळलेला पाऊस १० जुलैच्या रकान्यात दिसतो, आणि ती चूक नसते. गोंधळ होतो तो पुढच्या टप्प्यावर. अशा नोंदींवरून रोज पहाटे आपोआप तयार होणाऱ्या अहवालात कधी एकच तारीख दोनदा येते, तर कधी एखादी तारीख येतच नाही.

असे झाले की नोंदी हरवल्या किंवा पुसल्या गेल्या, असा पहिला समज होतो. बहुतेक वेळा तक्त्यात सगळ्या नोंदी जागच्या जागी असतात. बिघडलेला असतो तो ‘काल’ या शब्दाचा हिशेब. अहवाल ‘कालचा पाऊस’ मागतो, आणि काल म्हणजे कोणती तारीख हे सर्व्हर त्या क्षणी स्वतःच्या घड्याळात पाहून ठरवतो. पुष्कळ सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे UTC वर चालतात. ही वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. म्हणून सर्व्हरची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते.

समजा, अहवाल रोज पहाटे ५.२५ ला निघतो. १० जुलैला त्या वेळी सर्व्हरवर ९ जुलैचे रात्रीचे ११.५५ झालेले असतात, म्हणून त्याचा ‘काल’ ८ जुलै ठरतो. अहवाल रोज असा एक दिवस मागे राहतो, पण तारखा ओळीने येत असल्याने ते कोणाच्या लक्षात येत नाही. ११ जुलैला आधीचे काम लांबल्यामुळे अहवाल दहा मिनिटे उशिरा, ५.३५ ला सुरू होतो. सर्व्हरवर तोवर ११ तारीख लागलेली असते आणि ‘काल’ १० जुलै होतो. १२ जुलैला अहवाल पुन्हा वेळेवर निघतो. सर्व्हरवर अजून ११ तारीखच असते आणि ‘काल’ पुन्हा १० जुलै येतो. तीन दिवसांत तारखा आल्या ८, १० आणि १०. नऊ जुलै कुठेच नाही, आणि हे सगळे दहा मिनिटांच्या उशिराने घडले. पंचांगात सूर्योदयाला असलेली तिथी त्या दिवसाची धरतात, म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदयांना सापडते आणि एखादी दोन सूर्योदयांच्या मधेच संपून जाते. वृद्धी आणि क्षय होतात तसेच इथेही होते.

सर्व्हरला भारतीय वेळ, म्हणजे `Asia/Kolkata`, लावली की प्रश्न मिटतो, हा दुसरा समज अर्धाच खरा आहे. पहाटेचा धोका त्याने टळतो, पण सीमा नाहीशी होत नाही, ती मध्यरात्रीवर सरकते. रात्री ११.५५ ला ठेवलेला अहवाल लांबला तर तोच घोळ पुन्हा होईल. वीज जाऊन सर्व्हर दोन दिवस बंद राहिला, तर सुरू झाल्यावर तो फक्त एकच ‘काल’ देईल. खरा उपाय असा, की तारीख काम सुरू झाल्याच्या वेळेवरून न घेता ठरलेल्या पाळीवरून घ्यावी. ११ जुलैची पाळी दुपारी चालली काय किंवा १३ तारखेला चालली काय, तिने १० जुलैचाच पाऊस मागावा. राहिलेल्या पाळ्या एकामागून एक चालवाव्यात.

उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याच्या पद्धतीलाही दोष दिला जातो. भारतात आज ती पद्धत नाही. सर्व्हर लंडन किंवा लिस्बनच्या वेळेवर असेल, तरच तिचा विचार करावा लागतो.

एकच पाऊस दोनदा मोजला जाण्याचे एक कारण मात्र घड्याळाशी संबंधित नाही. ‘९ तारखेच्या साडेआठपासून १० तारखेच्या साडेआठपर्यंत’ हा काळ `BETWEEN` वापरून मागितला, तर दोन्ही टोके धरली जातात आणि ९ व १० अशा दोन दिवसांच्या मोजण्या एकत्र येतात. साडेआठची मोजणी तेव्हा संपलेल्या काळाची असते. म्हणून सुरुवातीचे टोक वगळावे आणि शेवटचे धरावे:

```
WHERE vel >  '2024-07-09 08:30'
  AND vel <= '2024-07-10 08:30'
```

कारण ओळखायला अहवालातल्या तारखा आणि काम प्रत्यक्ष सुरू झाल्याच्या वेळा शेजारी शेजारी मांडाव्यात. तारीख दोनदा आली, आकडा तोच आहे आणि जवळची एखादी तारीख गायब आहे, तर ‘काल’ सीमेवर घसरला आहे. तारखा सगळ्या आहेत पण बेरीज फुगली आहे, तर दोन्ही टोके मोजली गेली आहेत. तारीख मूळ तक्त्यातच नसेल, तर केंद्रावरची नोंद अजून पोहोचलेली नाही. अशा वेळी अहवालात शून्य लिहू नये, रकाना रिकामा ठेवावा. जुलैत पेडण्यात शून्य पाऊस म्हणजे कोरडा दिवस, आणि तसे घडल्याचा कोणताही पुरावा त्या रिकाम्या जागेत नसतो.