गुण्यात राहणारं भरतकाम

कॅनव्हासवर लोकरीने भरलेली उशी किंवा खुर्चीची गादी पूर्ण झाली, चौकटीतून काढली आणि टेबलावर ठेवली की पुष्कळदा एक निराशा वाट्याला येते. भरायला घेताना जो चौकोन नीट होता, तो आता कलंडलेला असतो. सुताराचा गुण्या कोपऱ्याला लावला तर तो बसत नाही. भरणारीला वाटतं, आपला हात घट्ट आहे. हात घट्ट असेलही, पण खरं कारण बहुतेक वेळा टाक्याच्या मागच्या बाजूला असतं.

नीडलपॉइंटमध्ये सर्वांत जास्त वापरला जातो तो टेंट स्टिच. खाली डावीकडच्या भोकातून सुई वर येते आणि तिरकी जाऊन वर उजवीकडच्या भोकात उतरते. कॅनव्हासचा एक उभा आणि एक आडवा धागा जिथे एकमेकांवरून जातात, तेवढी जागा हा टाका झाकतो. तोच टाका भरण्याच्या तीन पद्धती आहेत: हाफ क्रॉस, कॉन्टिनेंटल आणि बास्केटवीव्ह. समोरून तिन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. फरक कळतो तो काम उलटं केल्यावर.

कॉन्टिनेंटलमध्ये आपण आडव्या ओळीने भरत जातो. एक टाका संपला की सुई मागून तिरकी जाऊन पुढच्या टाक्याच्या सुरुवातीला निघते. म्हणजे समोरचा टाका तिरका आणि मागचा लांब धागाही त्याच बाजूला झुकलेला. हजारो टाके कॅनव्हासला एकाच कर्णाच्या दिशेने ओढत राहिले, तर चौकोन कलंडणारच. हाफ क्रॉसला लोकर कमी लागते, पण मागे आधार फारसा राहत नाही आणि साध्या विणीच्या कॅनव्हासवर तो टाका सरकतो.

बास्केटवीव्हमध्ये ओळी कर्णरेषेत भरतात. सुरुवात वरच्या उजव्या कोपऱ्यातून होते. एक ओळ तिरकी खाली उतरते, पुढची तिला खेटून तिरकी वर चढते. खाली उतरताना सुई उभी धरायची: टाका संपलेल्या भोकातून ती मागे जाते, दोन आडव्या धाग्यांखालून सरळ खाली येते आणि पुढचा टाका सुरू होतो. वर चढताना सुई आडवी धरायची: दोन उभ्या धाग्यांखालून ती डावीकडे जाते. त्यामुळे मागे एका ओळीत उभे धागे पडतात, पुढच्या ओळीत आडवे, आणि पाठीला टोपलीच्या विणीसारखं जाळं तयार होतं. ओढ उभी आणि आडवी अशी दोन्हीकडे वाटली जाते. समोरचे टाके तिरके असल्याने थोडी ओढ राहतेच, पण तीन पद्धतींत चौकोन सर्वांत कमी बिघडतो तो इथेच. शिवाय ही पाठ भक्कम असते. म्हणून खुर्च्यांच्या गाद्या किंवा रोज अंगाखाली येणारी उशी करायची असेल, तर मी दुसरा टाका सुचवणार नाही.

यात एक बारकावा नवख्यांना कोणी सांगत नाही. साध्या विणीचा कॅनव्हास नीट न्याहाळला तर दिसतं, की काही जागी उभा धागा आडव्यावरून गेलेला असतो आणि त्याच्या शेजारच्या जागी आडवा उभ्यावरून. कर्णरेषेत पाहिलं तर एका ओळीतल्या सगळ्या जागा एकाच प्रकारच्या असतात. जिथे उभा धागा वर आहे ती ओळ खाली उतरत भरायची. जिथे आडवा वर आहे ती वर चढत. असं केलं की टाके कॅनव्हासच्या विणीत घट्ट बसतात आणि पृष्ठभाग एकसारखा दिसतो. चुकून लागोपाठ दोन ओळी एकाच दिशेने भरल्या तर मागची वीण तिथे तुटते आणि समोर बारीक तिरकी रेघ उमटते, ती नंतर जात नाही. काम थांबवायचं असेल तर ओळीच्या मध्यावर थांबावं, म्हणजे पुन्हा बसताना दिशा आपोआप कळते. विसर पडलाच तर काम उलटं करावं: शेवटच्या ओळीमागे उभे धागे असतील तर ती उतरती होती, आता चढायचं. धाग्याचं टोक संपवतानाही ते मागच्या टाक्यांखालून उभं किंवा आडवं न्यावं. तिरकं नेलं तर समोर उंचवटा येतो.

आता लोकरीची जाडी. कॅनव्हासचा क्रमांक म्हणजे एका इंचात किती भोकं. 10 क्रमांकाला टेपेस्ट्री लोकरीचा एक धागा पुरतो. तीन पदरी पर्शियन लोकर असेल तर 10 ला तिन्ही पदर, 12 ते 14 ला दोन आणि 18 ला एक. 18 क्रमांकावर आपल्याकडे सहज मिळणारा सहापदरी सुती धागा सगळे पदर घेऊन चालतो. सुई बोथट टोकाची हवी: 10 ला 18 नंबरची, 14 ला 20 ची, 18 ला 22 ची. पण हे आकडे म्हणजे सुरुवात. खरा निवाडा कोपऱ्यात एक चौरस इंच भरून पाहिल्यावर होतो. टाक्यांमधून कॅनव्हासचा पांढरा धागा डोकावत असेल तर लोकर पातळ आहे, किंवा आपण टाका आवळतो आहोत. आवळलेला धागा बारीक होतो आणि कमी झाकतो. सुई ओढताना जोर लागत असेल, भोकं फाकत असतील, लोकरीचे केस सुटत असतील, तर ती जाड आहे. जाड लोकर धागे बाजूला रेटते, आणि मग बास्केटवीव्हसुद्धा कॅनव्हास सपाट ठेवू शकत नाही. विणकामाची लोकर इथे वापरू नये. ती ताणली जाते, नंतर आखडते आणि वापरात लवकर झिजते.

समजा 12 इंच लांब-रुंद उशी 10 क्रमांकावर करायची आहे. 144 चौरस इंच, प्रत्येकात 100 टाके, म्हणजे 14,400 टाके. एका टाक्याची समोरची आणि मागची लांबी मिळून भोकांमधल्या अंतराच्या साधारण साडेतीनपट होते, म्हणून चौरस इंचाला सुमारे 90 सेंटीमीटर लोकर जाते. कॅनव्हासची जाडी आणि टोकांची नासाडी धरून सव्वा मीटर घ्यावी. एकूण 180 मीटर, म्हणजे 10 मीटरच्या अठरा लड्या. धागा एका वेळी 45 सेंटीमीटरच कापावा. लांब धागा भोकांतून घासून विरळ होतो. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणून सुई आधी वरून खाली, मग खालून वर अशी दोन वेळा ओढावी. हातात धरून एका झटक्यात टोचत गेलं की ओढ वाढते.

इतकं करूनही थोडा तिरकेपणा आलाच, तर काम किंचित ओलं करावं, पाटावर गुण्याने आखलेल्या चौकोनाला जुळवून ताणावं, न गंजणाऱ्या पिना इंचाइंचावर लावाव्यात आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवू नये. ओलाव्याने कॅनव्हासची खळ मऊ होते आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा कडक होते. मात्र नक्षी रेखाटायला वापरलेली शाई पाण्याने उतरत नाही ना, हे सुरुवातीलाच तपासून घ्यावं.

एक-ओळीची अक्षरं किंवा बारीक रेघ असेल तिथे बास्केटवीव्ह जमत नाही. तेवढ्यापुरता कॉन्टिनेंटल घ्या. आणि पार्श्वभूमीच्या रंगाच्या सगळ्या लड्या एकाच वेळी विकत घ्या, वेष्टनावरचा लॉट क्रमांक जुळतो का ते पाहून. वेगळ्या लॉटमधला तोच रंग भरल्यावर वेगळा दिसतो.