आजारपणात बुडालेले क्लास आणि फीचा हिशोब

लातूर असो की पुणे, नीटच्या रिपीटर बॅचमधलं एखादं मूल पावसाळ्यात डेंग्यू किंवा काविळीनं आडवं होतं. महिनाभर क्लास बुडतो आणि पालक थेट काउन्सेलरकडे जाऊन म्हणतात, "एवढ्या दिवसांचे पैसे परत द्या." काउन्सेलर पावतीच्या मागची ओळ दाखवतो: भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. बोलणं तिथंच संपतं. ते संपू नये असं वाटत असेल, तर काय मागायचं आणि कशाच्या आधारावर मागायचं, हे आधी ठरवून जायला हवं.

एक हिशोब मांडून पाहू. समजा, ३६ आठवड्यांच्या कोर्सची फी ९० हजार रुपये आहे. म्हणजे आठवड्याला अडीच हजार. आठवे आठवडे संपल्यावर मुलगी आजारी पडली आणि चार आठवडे घरी राहिली, तर बुडालेल्या दिवसांची फी १० हजार होते. पण आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला चार लेक्चर धरली तर तिची ९६ लेक्चर बुडाली. परतल्यावर रोजचा क्लास सांभाळून ती दिवसाला दोन रेकॉर्डिंग पाहील, तेव्हा ४८ दिवसांनी मागचं भरून निघेल. आजारातून उठलेल्या मुलीला तेवढंही झेपेल असं नाही.

म्हणून आजारपण आठ-दहा दिवसांचं असेल तर रेकॉर्डेड लेक्चर पुरतात. महिनाभराचं असेल आणि कोर्स अजून पहिल्या टप्प्यात असेल, तर मागून सुरू झालेल्या बॅचमध्ये जादा फी न घेता बदली मागणं जास्त उपयोगाचं. तशी बॅच नसेल तर रेकॉर्डिंग घ्यावीत, पण मोघम मागू नयेत. संस्थेच्या अ‍ॅपवर त्याच धड्याचं दुसऱ्याच शिक्षकाचं जुनं लेक्चर दाखवून वेळ मारून नेली जाते. त्यामुळे अर्जात तारखा आणि विषय लिहावेत, आपल्याच बॅचची लेक्चर मागावीत, आणि ती परीक्षेच्या दिवसापर्यंत खुली राहावीत असं स्पष्ट म्हणावं. बुडालेले टेस्ट पेपर, डीपीपी आणि डाउट सेशनही त्यात यावेत.

अर्जाचा मजकूर असा पुरे: "माझी मुलगी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आजारी होती. डॉक्टरांचं सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड आणि रक्ताचा रिपोर्ट जोडला आहे. या काळातली सोबतच्या यादीतील लेक्चर द्यावीत किंवा पुढच्या बॅचमध्ये बदली द्यावी. दोन्ही शक्य नसल्यास चार आठवड्यांची फी पुढच्या हप्त्यात वळती करावी. सात दिवसांत लेखी उत्तर मिळावं." हा अर्ज ईमेलनं पाठवावा. काउन्सेलर फोनवर 'बघतो' म्हणाला, तर त्याचाही उल्लेख करून त्याच दिवशी ईमेल करावा. आजार सुरू होताच एक ओळ कळवून ठेवलेली असेल तर पुढं कुणी शंका घेत नाही.

आता कायद्याचं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मधेच कोर्स सोडत असेल तर उरलेल्या काळाची फी प्रमाणात १० दिवसांत परत द्यावी. संस्थेच्याच होस्टेलमध्ये राहत असेल तर होस्टेल आणि मेसचीही. आपल्या उदाहरणात बाराव्या आठवड्याअखेर कोर्स सोडला तर ६० हजार मागता येतात. मात्र या सूचना राज्यांनी अमलात आणायच्या आहेत, आणि त्या कोर्स सोडणाऱ्यासाठी आहेत. कोर्स चालू ठेवून बुडालेल्या दिवसांचे पैसे द्यावेत, असं त्या सांगत नाहीत. ते १० हजार बोलून, समजावून मिळवायचे असतात. संस्थेला रोख परत देण्यापेक्षा हप्त्यात वळती करणं सोपं जातं, म्हणून मागणीही तशीच करावी.

संस्था उत्तरच देत नसेल, किंवा कोर्स सोडूनही पैसे अडवून ठेवत असेल, तर पावतीवरची ती ओळ शेवटचा शब्द नव्हे. कोचिंग क्लास ग्राहक कायद्याखाली येतात, हे राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथं तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथं तक्रार शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

एक सावधगिरी मात्र हवी. फी कर्जकंपनीमार्फत हप्त्यांवर भरली असेल, तर रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. भांडण क्लासशी असलं तरी कर्ज तुमच्या नावावर आहे, आणि थकलेला हप्ता तुमच्याच क्रेडिट स्कोअरला लागतो. क्लासकडून लेखी तोडगा हातात येईपर्यंत हप्ते भरत राहा.