उणे वीस अंशांत बॅटरी सांभाळताना

होमस्टेच्या दाराबाहेर पाऊल टाकताच नाकातला ओलावा गोठतो. फेब्रुवारीची सकाळ. स्पितीच्या खोऱ्यातलं किब्बर गाव अजून सावलीत आहे. भिंतीवर टांगलेला थर्मामीटर उणे २१ दाखवतो. गल्लीतला बर्फ बुटांखाली करकरतो. पाठीवर ट्रायपॉड घेतलेली माणसं एकामागून एक दरीच्या दिशेनं निघाली आहेत. मफलरमधून येणारे बरेचसे आवाज मराठी आहेत. पुणे, नाशिक, ठाणे. सगळे हिमबिबट्यासाठी आले आहेत.

पुढे गावातला स्पॉटर चालतो. दरीच्या काठाशी तो थांबतो, दुर्बीण लावतो आणि पलीकडच्या कड्याकडे बोट दाखवतो. तिथे एक करडा ठिपका आहे. बिबट्या झोपलाय. आता वाट बघायची.

ट्रायपॉड उभे राहतात. लांब लेन्स कड्याकडे वळतात. ऊन आलंय, पण त्यात ऊब नाही. दरीतून येणारा वारा हातमोज्यांतून आत शिरतो. नाशिकचा एक तरुण कॅमेरा चालूच ठेवून व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसला आहे. मधूनमधून बटण अर्धं दाबून फोकस तपासतो. कोपऱ्यातला आकडा ६८ टक्के सांगतो. काही वेळानं ४०. मग एकदम लाल खूण, आणि पडदा काळा.

‘आत्ता तर निम्मी होती!’ तो बॅटरी काढून पाहतो. ती हाताला बर्फासारखी गार लागते.

शेजारी पुण्याच्या एक काकू आहेत. बरेच हिवाळे इथे येणाऱ्या. त्या सांगतात, ‘संपलेली नाहीये ती. गारठलीये. स्वेटरच्या आत, अंगाला लागून ठेव. अर्ध्या तासानं परत लाव.’

हिवाळ्यात खोबरेलाची बाटली उलटी केली तरी तेल पटकन बाहेर येत नाही. पण बाटली रिकामी नसते. लिथियम बॅटरीचं काहीसं तसंच होतं. आतल्या द्रवातून लिथियमचे आयन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात, तेव्हा वीज मिळते. थंडीत तो द्रव दाट होतो आणि आयन संथ होतात. बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेऱ्यानं एकदम जास्त वीज मागितली, म्हणजे फोकसची मोटर फिरली किंवा सलग फोटो सुरू झाले, की व्होल्टेज खाली बसतं. या बॅटऱ्यांवर बहुधा ७.२ व्होल्ट लिहिलेलं असतं. आत दोन सेल जोडलेले असतात आणि पूर्ण भरल्यावर त्यांचं व्होल्टेज ८.४ असतं. ते ठरावीक मर्यादेखाली गेलं की कॅमेरा स्वतःला बंद करतो. साठा आत असतो, पण लागेल त्या वेगानं बाहेर येत नाही. उणे वीसच्या आसपास हाताशी येणारी वीज निम्म्यावरही येऊ शकते.

काकूंकडे तीन बॅटऱ्या आहेत. एक कॅमेऱ्यात, दोन जाकिटाच्या आत फ्लीसच्या खिशात. प्रत्येकीला प्लास्टिकची टोपी आहे, म्हणजे खिशातल्या किल्लीनं किंवा नाण्यानं शॉर्ट होणार नाही. भरलेलीची टोपी हिरवी, वापरलेलीची लाल. बिबट्या झोपलेला असताना त्यांचा कॅमेरा बंद असतो आणि त्या नजर दुर्बिणीतून ठेवतात. मिररलेस कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर म्हणजे एक छोटा पडदाच. फोटो काढला नाही तरी तो वीज पीत राहतो.

घड्याळ बघून त्या बॅटरी बदलतात. उतरली नसली तरी. गारठलेली खिशात जाते, खिशातली कॅमेऱ्यात येते. कॅमेरा मात्र जाकिटात घेत नाहीत. अंगाच्या दमट उबेतून तो बाहेर काढला की ओलावा लेन्सवर धरतो आणि तिथेच गोठतो.

ठाण्याच्या एका गृहस्थांनी हात गरम करायची पुडी बॅटरीच्या झाकणावर चिकटवली आहे. ती जेमतेम कोमट आहे. या पुडीतल्या लोखंडाच्या भुकटीला गरम व्हायला ऑक्सिजन लागतो. सुमारे ४२०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या घरात येतो, ऑक्सिजनही त्याच प्रमाणात घटतो. बंद पिशवीत ठेवली तर ती जवळपास विझतेच. खाली, सपाटीवर ती बॅटरीला थेट चिकटवली तर उलट फार तापते. म्हणून तिथे मध्ये मोज्याचा थर हवा. इथे मात्र अंगाची ऊबच खात्रीची.

स्पॉटर हळूच हात वर करतो. कड्यावरचा ठिपका उठून बसलाय. शेपटी हलते. सगळे लेन्सकडे झेपावतात. नाशिकचा तरुण आतल्या खिशातून मघाचीच बॅटरी काढतो. आकडा ५१ येतो. म्हणजे ती रिकामी नव्हती. ऊब मिळूनही आकडा तळाशीच राहिला असता, तर ती खरोखर उतरलेली. बिबट्या कड्याच्या कडेनं चालतो, थांबतो, खडकामागे जातो. शटर खडखडत राहतात.

दुपारी थर्मासमधल्या चहाबरोबर ड्रोनचा विषय निघतो. इथल्या अभयारण्यात तो परवानगीशिवाय उडवता येत नाही. पण एकानं तो दुसऱ्या बर्फाळ भागात चालवलाय. कॅमेरा बंद पडला तर फोटो जातो, ड्रोनचं व्होल्टेज बसलं तर तो उंचीवरून खाली येतो, असं तो सांगतो. म्हणून बॅटरी वीस अंशांच्या वर ऊबदार असल्याशिवाय तो बसवत नाही. उडाल्यावर मिनिटभर जवळच तरंगत ठेवतो. काम करता करता बॅटरी स्वतः तापते. एकदम वेग घेत नाही आणि निम्मी उरली की परतीला लागतो.

संध्याकाळी सगळे दाराशी थांबतात. मेमरी कार्ड आणि बॅटरी बाहेरच काढतात. कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद होतो आणि मगच आत जातो. दव पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरतं. आत स्वयंपाकघराच्या मध्यभागी तंदूर पेटलाय. लोखंडी शेगडीत शेणी आणि लाकूड, वर किटली. घरमालकीण मीठ-लोण्याचा चहा ओतते.

वीज नुकतीच आली आहे. ती किती वेळ टिकेल, कुणी सांगू शकत नाही. नाशिकचा तरुण घाईनं चार्जर काढतो. काकू त्याला थांबवतात. शून्याखालची बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. वापरताना थंडी फक्त साठा अडवून ठेवते, चार्जिंगमध्ये मात्र कायमचं नुकसान करते. आयन जिथे शिरायला हवेत त्या थरात शिरत नाहीत. त्यावर धातूच्या रूपात साचतात. तेवढी क्षमता परत येत नाही आणि पुढे आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो.

तंदूरजवळही ठेवायची नाही. ती भिंतीतल्या फळीवर, खोलीच्या हवेत ठेवायची. तासभरानं गालाला लावून पाहायची. गार लागली नाही, की चार्जरवर. तोवर वीज गेली तर जाऊ द्यायची. सकाळी दोनच बॅटऱ्या हाताशी असल्या तरी, अंगाशी ठेवून आलटून-पालटून वापरल्या की बाहेर गारठणाऱ्या चारांइतकी साथ देऊ शकतात.