न येणाऱ्या विषयाचा गृहपाठ कसा तपासावा?

मंडळी, आजचा विषय पालकांचा आहे, आणि त्यातही ज्या पालकांना मुलाचा विषय येत नाही त्यांचा. तिवसा तालुक्यात अशी घरं पुष्कळ आहेत. आई सातवीपर्यंत शिकलेली, वडिलांची शाळा सुटून पंचवीस वर्षं झालेली, आणि पोरगं सेमी इंग्रजीत. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. संध्याकाळी वही समोर येते तेव्हा अशा घरात दोनच गोष्टी घडतात. एक तर "मले नाही समजत, तुझ्या मॅडमले विचार" म्हणून वही परत जाते, नाही तर शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला बोलावून उत्तर लिहून घेतलं जातं. आम्हाला सांगायचा आहे तो या दोहोंच्या मधला रस्ता.

आधी एक फरक नीट करून घेऊ. उत्तर काढता येणं ही एक गोष्ट, आणि उत्तर तपासता येणं ही दुसरी. आपला शेतकरी कापसाची गाडी काट्यावर नेतो. काट्याच्या आतली यंत्रणा त्याला ठाऊक नसते. पण भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि दोहोंतली वजाबाकी एवढं तो चिठ्ठीवर बघतो, आणि गडबड असेल तर त्याला कळते. यंत्र न समजता तपास करता येतो. गृहपाठाचंही तसंच आहे.

ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात एका माणसाने फार ठामपणे मांडली. जोसेफ ज्याकोतो हे फ्रेंच प्राध्यापक १८१८ साली, आज बेल्जियममध्ये असलेल्या लुव्हां शहरात शिकवत होते. त्यांच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना फ्रेंच येत नव्हतं, आणि ज्याकोतोंना विद्यार्थ्यांची फ्लेमिश भाषा येत नव्हती. त्यांनी एक द्वैभाषिक पुस्तक मुलांच्या हाती दिलं, फेनेलाँचं 'तेलेमाक'. एका बाजूला फ्रेंच, दुसऱ्या बाजूला भाषांतर. पुस्तकाच्या आधाराने फ्रेंच शिका आणि जे वाचलं त्यावर फ्रेंचमधूनच लिहा, असं त्यांनी दुभाष्यामार्फत सांगितलं. मुलांनी लिहिलं, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगलं लिहिलं. त्यावरून ज्याकोतोंनी निष्कर्ष काढला की, जो विषय स्वतःला येत नाही त्यातही आपण दुसऱ्याच्या अभ्यासावर लक्ष ठेवू शकतो. निरक्षर आईबापही मुलाला पुढे नेऊ शकतात, असं ते म्हणत. अशा पालकाचं काम उत्तर बरोबर आहे का हे सांगणं नव्हे. मुलाने खरंच शोधलं का, आणि जे म्हणतो ते दाखवू शकतो का, हे बघणं त्याचं काम.

ज्याकोतोंचा सगळा दावा आपण मान्य करायची गरज नाही. त्याला मर्यादा आहेत, त्यांच्याकडे शेवटी येऊ. पण "शोधलं का, दाखव" हा गाभा घेऊन एक गणित पूर्ण करून बघू.

चौथीच्या मुलाचं गणित आहे : ६१८ किलो सोयाबीनचं बियाणं ६ शेतकऱ्यांना सारखं वाटायचं, तर प्रत्येकाला किती? मुलाने लिहिलं, १३ किलो. आईला भागाकाराची रीत आठवत नाही. तिने काय करावं?

पहिली पायरी : प्रश्न मुलाकडून मराठीत सांगून घ्यायचा. पुस्तक इंग्रजीत असेल तर हे आवश्यकच आहे, आणि यातच निम्मा तपास होतो. मुलाला प्रश्न आपल्या शब्दांत सांगता येत नसेल, तर गणित चुकण्याआधी प्रश्नच समजलेला नाही, हे आईला कळतं.

दुसरी पायरी : उत्तर प्रश्नात परत घालायचं. "एकेकाले तेरा किलो दिले, तर सहा जणांले मिळून किती गेले?" मुलगा गुणतो, ७८. "पण होते किती?" ६१८. "मंग बाकीचं बियाणं कुठी गेलं?" आईने रीत सांगितली नाही, 'चूक' हा शब्दही काढला नाही. तरी उत्तर उभं राहत नाही हे मुलाला स्वतःला दिसलं. भागाकार असेल तर गुणून बघायचं, वजाबाकी असेल तर उरलेली आणि वजा केलेली संख्या मिळवून बघायची.

भागाकारात बाकी उरली तर ती गुणाकारात मिळवायची : भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, म्हणजे भाज्य. त्यासोबत एक गोष्ट नेहमी बघायची, बाकी भाजकापेक्षा लहान आहे ना? कारण ६२० ला ६ ने भागून कोणी भागाकार १०२ आणि बाकी ८ लिहिली, तर ६ × १०२ + ८ = ६२० हे जुळतंच. पण ८ किलो उरले असताना सहा जणांना आणखी एकेक किलो देता येतो. म्हणजे वाटप अर्धवट राहिलं. खरं उत्तर १०३ आणि बाकी २.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. परत घालून बघितल्याने चूक आहे एवढं कळतं, ती कुठे आहे हे कळत नाही. त्यासाठी मुलाला मोठ्याने करायला लावायचं, आणि प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारायचा : "हा आकडा म्हणजे किती?"

मुलगा सांगतो, "सहाले सहानं भागलं, एक आला. मंग खाली एक घेतला, एकाले सहाचा भाग जात नाही, म्हणून आठ घेतला, अठरा झाले. सहा त्रिक अठरा. झाले तेरा."

आई विचारते, "पहिले सहाले भागलं म्हणतो, ते सहा म्हणजे किती किलो?" मुलगा ६१८ कडे बघतो. सहाशे. "मंग एकेकाच्या वाट्याले एक आला म्हणतो, तो एक म्हणजे किती?" शंभर. "तुह्या तेरात ते शंभर कुठी दिसते?"

इथे मुलगा थांबतो. थांबू द्यावं. एक आला तो शंभराचा, तीन आले ते एककाचे, मधली दशकाची जागा रिकामी राहिली, आणि रिकाम्या जागेवर शून्य मांडायचं राहून गेलं. ते मांडलं की १०३. पुन्हा परत घालून बघा : ६ × १०३ = ६१८. ही चूक फार मुलं करतात. मधल्या अंकाला भाग जात नाही तेव्हा मुलं पुढचा अंक खाली घेतात, पण वर शून्य लिहीत नाहीत. आईला हा नियम माहीत असण्याची गरज पडली नाही. "म्हणजे किती" एवढं विचारत राहिल्याने मूल तिथे पोचलं.

हा प्रश्न प्रत्येक आकड्याला विचारायचा, बरोबर असलेल्यांनासुद्धा. फक्त चुकलेल्या जागीच "हे कसं आलं रे?" विचारलं, तर आईचा प्रश्न म्हणजे 'चूक' ही खूण मूल दोन दिवसांत ओळखतं आणि विचार न करता उत्तर बदलतं. आधी १३, मग १३०, मग १०३, आणि आईच्या चेहऱ्याकडे बघतं. हे शिकणं नव्हे, अंदाज मारणं आहे. ओळखायचं कसं? बदललेलं उत्तर मूल परत घालून दाखवतं का, यावरून.

आता चौथी पायरी. चूक घाईची होती की नियमच चुकीचा बसला आहे? हे ठरवायला तसंच दुसरं गणित द्यावं लागतं, आणि भागाकार न येणाऱ्या आईलाही ते तयार करता येतं. उलटीकडून सुरुवात करायची. मध्ये शून्य असलेलं उत्तर मनात धरायचं, समजा १०४. मोबाईलवर त्याला ७ ने गुणायचं, ७२८ आले. मुलाला सांगायचं, ७२८ ला ७ ने भाग. मुलाने १०४ काढले तर आधीची चूक बहुधा घाईची होती. १४ काढले तर नियम चुकीचा बसला आहे. शंका असेल तर ८ × २०५ = १६४० असं आणखी एक करून बघावं. त्यात दोन्हीकडे शून्य आहे, तिथे मूल काय करतं ते दिसेल.

नियम चुकीचा बसला असेल तर घरी वही सुधारून पाठवू नये, हा आमचा आग्रह आहे. बरोबर उत्तरांची वही बघून मास्तर पुढे जातात आणि चूक तशीच राहते. मुलाचं मूळ काम तसंच ठेवावं आणि खाली एक ओळ लिहावी : "मध्ये भाग जात नाही तेव्हा शून्य लिहायचं राहतं, कृपया बघावं." चाळीस मुलांच्या वर्गात मास्तरांना अशी नेमकी ओळ मिळणं मोठी मदत असते.

आता मर्यादा. परत घालण्याचा तपास आकडेमोड बघतो, मांडणी बघत नाही. समजा प्रश्न असा : एका शेतकऱ्याला ६ किलो, तर ६१८ शेतकऱ्यांना किती? मुलाने भागलं आणि १०३ लिहिले. गुणून बघितलं तर ६ × १०३ = ६१८ अगदी जुळतं, आणि उत्तर साफ चुकीचं आहे. म्हणून शेवटी उत्तर वाक्यात म्हणायला लावायचं : "सहाशे अठरा शेतकऱ्यांना मिळून एकशे तीन किलो लागले." एकाला सहा आणि सगळ्यांना मिळून एकशे तीन? हे न जमणारं आहे, ते शेतीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. उत्तर ३७०८ किलो.

दुसरी मर्यादा अशी की, इतिहास, विज्ञान, भाषा यांत उत्तर परत घालायची सोय नाही. तिथे ज्याकोतोंचा प्रश्न वापरावा : "हे पुस्तकात कुठी आहे, दाखव." मुलाने बोट ठेवून ओळ वाचावी, मग पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगावं. ओळच सापडली नाही तर उत्तर गाईडमधलं आहे. ओळ सापडली पण सांगता आली नाही तर नुसती उतरवलेली आहे. दोन्ही गोष्टी आईला विषय न येता कळतात. निबंधाला मात्र हे लागू पडत नाही, आणि पुस्तकातच नसलेली माहिती खरी की खोटी, हे या रीतीने ठरत नाही. ते काम शिक्षकांचं.

सॉक्रेटिसने एका गुलाम मुलाला प्रश्न विचारून भूमिती काढून घेतली, ती गोष्ट प्लेटोच्या 'मेनो' या संवादात आहे. पण सॉक्रेटिसला उत्तर आधीच माहीत होतं, आणि त्याच्या बऱ्याच प्रश्नांत उत्तराची दिशा लपलेली आहे. ज्या आईला उत्तर माहीत नाही तिचा प्रश्न खराखुरा प्रश्न असतो, तिला दिशा देताच येत नाही. सुरुवात करायला आज रात्री एकच गणित घ्या, आणि त्यातल्या प्रत्येक आकड्याला विचारा : हा म्हणजे किती?